एका अकाउंट्सच्या जागेसाठी ३१८ बायोडाटा: दहा कसे काढले

बुटीबोरीकर

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी अकाउंट्स सांभाळतो. आमच्याकडची खरेदी-बिलं बघणारी सहकारी महिनाअखेरीस सोडून जाते आहे. तिच्या जागेची जाहिरात टाकली आणि आठ दिवसांत ३१८ बायोडाटा जमले. त्यातून मुलाखतीला दहा बोलवायचे होते. ते कसे काढले ते सविस्तर लिहितो, कारण मागच्या खेपेला माझी मोठी चूक झाली होती.

तेव्हा मी वरचे पन्नास-साठ वाचले, त्यातले बरे दहा बोलावले आणि बाकीचे उघडलेसुद्धा नाहीत. ज्याला घेतलं त्याच्या बायोडाटात ‘जीएसटी रिटर्न’ ठळक लिहिलं होतं. तो आधीच्या ठिकाणी महिन्याच्या नोंदींची एक्सेल सीएकडे पाठवायचा आणि रिटर्न सीएच भरायचे, हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर टू-बीची, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीशी आमच्या बिलांची जुळवणी तुंबली होती आणि त्याचा ताप सगळ्या विभागाला झाला. तो मुलगा खोटं बोलला नव्हता. मीच नीट विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी एकही बायोडाटा उघडण्याआधी जाणाऱ्या सहकारीबरोबर अर्धा दिवस बसलो आणि तिचा महिना कागदावर मांडला. सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला जीएसटीआर-वन, चौदाला टू-बी येते, पंधराला पीएफ आणि ईएसआयसी, वीसला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. मग प्रत्येक कामाला तिचे किती दिवस जातात ते विचारलं. महिन्याला अडीचशेच्या आसपास खरेदी-बिलं, त्यांची स्टोअरच्या आवक पावतीशी जुळवणी, टू-बीशी जुळवणी आणि दोन बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन, यातच तिचा जवळजवळ सगळा वेळ जातो. विक्रीची बिलं दुसरा माणूस करतो, ताळेबंद सीए करतात. म्हणजे आम्हाला खरेदीच्या बाजूनं रुळलेला माणूस हवा होता. हे आधी कागदावर आल्यामुळे एमकॉम, टक्केवारी, ‘फायनलायझेशनचा अनुभव’ हे सगळं आपोआप मागे पडलं.

चाळणीचा हिशेब असा: ३१८ पैकी २७ दुबार निघाले, उरले २९१. त्यातले ८४ दुसऱ्याच कामाचे होते, डेटा एंट्री, सेल्स, आयटीआय झालेली मुलं. उरले २०७. इथून पुढे खरं काम सुरू झालं. या २०७ पीडीएफमध्ये `Tally` आणि `GST` हे शब्द शोधले. दोन्ही शब्द असलेले ९६ निघाले, १११ बाहेर गेले.

इथे थांबलो. एकशे अकरा माणसांना मी न वाचता बाहेर काढलं होतं, आणि ते बरोबर काढलं की नाही हे मला माहीत नव्हतं. म्हणून त्या १११ मधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे २० उचलले आणि शब्द न् शब्द वाचले. त्यात तीन असे निघाले, जे मी आनंदानं पुढे पाठवले असते.

धरमपेठी

चांगला धागा. दुबार कसे ओळखले ते सांगा. नावावरून केलं तर एकाच नावाची चार माणसं निघतात आणि एकच माणूस तीन प्रकारे नाव लिहितो.

बुटीबोरीकर

मोबाइल नंबरवरून. कुणी +91 लावतं, कुणी आधी शून्य लावतं, मध्ये जागा सोडतं. म्हणून जागा काढून उजवीकडचे दहा आकडे घेतले आणि ते किती वेळा आले ते मोजलं. नंबर बी कॉलममध्ये असेल तर पहिलं सूत्र सी कॉलममध्ये, दुसरं डी कॉलममध्ये:

```
=RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
=COUNTIF(C:C,C2)
```

नंबरात आडवी रेघ असेल तर तीही अशीच काढावी लागते. दोन प्रतींपैकी नवी ठेवली. दोनदा पाठवलं म्हणून कुणाला बाद केलं नाही, पोर्टलवर आणि मेलवर दोन्हीकडे पाठवणं स्वाभाविक आहे.

प्रणय_वर्धमाननगर

सर, जागा अजून आहे का? मी बीकॉम झालो यंदा, टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स केला आहे. बायोडाटा कुठे पाठवू?

बुटीबोरीकर

प्रणय, ही जागा अनुभवी माणसाची आहे आणि मुदत संपली. पण एक सांगतो. तुमच्यासारख्या नवीन मुलांच्या बायोडाटात पहिलं अर्धं पान ‘उद्दिष्ट’ असतं आणि कोर्सचं नाव शेवटी. कोर्समध्ये हातानं काय केलं ते वर लिहा. किती व्हाउचर टाकली, बँक स्टेटमेंट जुळवलं का, कोणत्या प्रकारच्या धंद्याची वही होती. एखाद्या सीएच्या ऑफिसात सहा महिने काढले तर सगळ्यात उत्तम.

ऑडिटवाला

वीस वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून काढलेल्या गठ्ठ्यातून नमुना तपासलेला पाहून बरं वाटलं. निवडलेला गठ्ठा सगळेच वाचतात. चूक मात्र काढलेल्यात लपलेली असते, आणि ती आपणहून कधी समोर येत नाही.

दोन गोष्टी जोडतो. तुम्हाला २० मध्ये ३ सापडले, म्हणजे शेकडा पंधरा. त्या हिशेबानं १११ मध्ये सोळा-सतरा चांगले असावेत. समजा एकही सापडला नसता, तरी चाळणी निर्दोष आहे असं म्हणता आलं नसतं. वीसमध्ये शून्य सापडले तरी एकूण गठ्ठ्यात शेकडा पंधरापर्यंत चुका असू शकतात. ढोबळ नियम असा की तीनला नमुन्याच्या संख्येनं भागायचं. चाळीस उचलून शून्य सापडले, तर वरची मर्यादा साडेसातवर येते. म्हणून नमुना किती घ्यायचा हे आपल्याला किती माणसं हुकली तर चालतील यावरून ठरवावं.

दुसरं, ते वीस डोळ्यांनी निवडले नाहीत ना? माणूस नकळत नीटनेटक्या पीडीएफ उचलतो.

बुटीबोरीकर

नाही. शेजारच्या कॉलममध्ये `=RAND()` टाकलं, त्यावर क्रम लावला आणि वरचे वीस घेतले.

सीताबर्डी_कन्सल्टंट

आम्ही भरतीचंच काम करतो. शब्दावरून चाळणी सगळेच लावतात, तीनशे कोण वाचणार? पण ते तीन सुटले कसे ते लिहा, त्यात खरी माहिती आहे.

बुटीबोरीकर

तिघांची कारणं वेगवेगळी होती.

पहिला बायोडाटा फोटो काढून पीडीएफ केलेला होता. डोळ्यांना ‘टॅली’ स्पष्ट दिसतं, पण शोधणाऱ्या खिडकीला ते चित्र वाटतं. ओळखण्याची खूण सोपी आहे: माउसनं एखादी ओळ निवडून बघायची. ओळ निवडली जात नसेल तर ते चित्र आहे आणि त्यावर शब्दशोध लावण्यात अर्थ नाही.

दुसऱ्यात `Telly ERP 9` असं लिहिलं होतं. हा बायोडाटा झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून घेतलेला दिसत होता. टाइप करणाऱ्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं. ज्या बाईंचा तो होता, त्यांनी कामठी रोडवरच्या एका गोदामात सात वर्षं खरेदीची वही सांभाळलेली. एका टायपिंगच्या चुकीवर मी सात वर्षांचा अनुभव फेकून दिला होता.

तिसऱ्यानं टॅलीवर काम केलेलंच नव्हतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर केलं होतं. पण त्याच्या कामात दरमहा तीनशे बिलं, आवक पावतीशी जुळवणी, पुरवठादारांची खाती, सगळं होतं. टॅली तो आठवडाभरात शिकला असता. इथे चूक शब्दशोधाची नव्हती, मी जी अट घातली तिचीच होती.

मग एक संध्याकाळ काढली आणि सगळे १११ हातानं वाचले. पावणेतीन तास लागले. त्यातून १४ परत आत आले. ऑडिटवाल्यांचा सोळा-सतराचा अंदाज फार लांब नाही. असे ११० झाले.

सीताबर्डी_कन्सल्टंट

पावणेतीन तास तुमच्याकडे होते. आमच्याकडे एका वेळी बारा जागा असतात. तेवढ्यासाठी सगळं हातानं वाचणं परवडत नाही.

ऑडिटवाला

बारा जागा असतील तर निदान चित्राच्या पीडीएफ वेगळ्या काढा आणि तेवढ्या वाचा. चाळणीनं ज्या कारणानं काढलं त्या कारणांचे गट करायचे आणि ज्या गटात चुकीची शक्यता जास्त तिथून जास्त नमुने उचलायचे. सगळं वाचण्याची गरज पडत नाही.

धरमपेठी

माझी एक पद्धत आहे. तीन वर्षांत तीन नोकऱ्या दिसल्या की सरळ बाजूला. अकाउंट्समध्ये टिकणारा माणूस हवा, नाहीतर दर वर्षी वही नव्यानं समजावत बसायचं.

बुटीबोरीकर

तुमचं म्हणणं अर्धं पटतं. आमच्या ११० मध्ये असे अकरा होते. नीट पाहिलं तर त्यातले चार सीएच्या ऑफिसात हंगामापुरते लागलेले. ऑडिटची कामं वाढतात तेव्हा मुलं घेतात आणि काम संपलं की सोडतात. त्यांना धरसोड करणारे म्हणणं अन्यायाचं होईल.

नोकऱ्या मोजण्याऐवजी मी हे पाहिलं: या माणसानं एका ठिकाणी ३१ मार्च ओलांडून ऑडिट पूर्ण होईपर्यंत काम केलं आहे का? ज्यानं स्वतः टाकलेल्या नोंदींवर ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत, तो नोंद टाकताना वेगळा विचार करतो. तीन वर्षांत तीन जागा, पण प्रत्येक वेळी ऑडिटच्या आधी निघून गेलेला, असे अकरापैकी तीन होते. ते मी मागे ठेवले. तिथे तुमचा नियम बरोबर ठरला.

गौरी_व

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी २०१९ च्या शेवटी काम सोडलं, मुलगी लहान होती आणि सासूबाई आजारी होत्या. त्याआधी इतवारीत एका होलसेलच्या पेढीत सहा वर्षं पूर्ण वही मी बघत होते, बँकेपासून ऑडिटपर्यंत. आता परत काम शोधते आहे. चाळीस ठिकाणी पाठवलं, दोन फोन आले आणि दोघांनीही पहिला प्रश्न ‘गॅप का?’ हाच विचारला. तुम्ही अशांचं काय केलंत?

बुटीबोरीकर

गौरीताई, खंड आहे म्हणून कुणालाही काढलं नाही. ११० मध्ये असे नऊ होते आणि त्यांनाही बाकीच्यांचेच प्रश्न पाठवले. आता तिसऱ्या पायरीबद्दल लिहितोच.

सगळ्या ११० जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रश्न पाठवले, उत्तरं चार-पाच ओळींत मागितली आणि तीन दिवस दिले. ७१ जणांनी उत्तर दिलं, एकदा आठवण केल्यावर आणखी ९ जणांनी.

पहिला प्रश्न: ‘तुमच्याकडे पुरवठादाराचं बिल आलं, माल आला, पण ते बिल टू-बीत दिसत नाही. थ्री-बी भरताना तुम्ही काय केलंत?’

दुसरा: ‘बँक रिकन्सिलिएशन शेवटचं कधी केलंत आणि त्यात सगळ्यात जुनी न जुळलेली नोंद कोणती होती?’

तिसरा: ‘बुटीबोरीला कुठून आणि कसे याल, आणि पगाराची अपेक्षा किती?’

पहिल्या प्रश्नावरच माणसं वेगळी झाली. ‘आमचे सीए बघतात’ असं पंधरा-सोळा जणांनी लिहिलं. हे प्रामाणिक उत्तर आहे आणि मागच्या खेपेला मला नेमकं हेच कळलं नव्हतं. काहींनी ‘पार्टीला फोन करतो’ एवढंच लिहिलं, ते अर्धं उत्तर. ज्यांनी खरोखर हे काम केलं आहे त्यांची उत्तरं अशी होती: त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट त्या महिन्यात घेतलं नाही, वेगळ्या लेजरला बाजूला ठेवलं, पुरवठादारानं जीएसटीआर-वनमध्ये दाखवलं की ज्या महिन्यात टू-बीत आलं त्या महिन्यात घेतलं, आणि तोवर त्याचं पेमेंट थोडं रोखलं. एकानं चुकीच्या जीएसटी नंबरवर पडलेल्या बिलाची गोष्टच लिहिली, ती वाचून त्यानं ते भोगलं आहे हे लगेच कळत होतं.

आणि सहा जणांनी लिहिलं की पाच टक्क्यांपर्यंत जास्त क्रेडिट घेता येतं. तसं एके काळी होतं. ती सवलत १ जानेवारी २०२२ पासून गेली. म्हणजे त्यानंतर या माणसानं थ्री-बीला स्वतः हात लावलेला नाही, बायोडाटात काहीही लिहिलेलं असो. या सहापैकी चार जण आज नोकरीत आहेत, त्यांच्या बायोडाटात एका दिवसाचाही खंड नाही.

गौरी_व

हे वाचून थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईटही. टू-बी आली ऑगस्ट २०२० मध्ये, मी त्याआधीच घरी होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी काय लिहिलं असतं? तेव्हाच्या टू-ए यादीवर आम्ही हीच जुळवाजुळव करत होतो. हिशेबाची समज तीच आहे. आठ दिवस कुणी दाखवलं तर मी करेन. पण तुमच्या प्रश्नात मला शून्य मिळालं असतं.

खामल्याची_नीता

गौरीताई, अगदी बरोबर बोलल्या. बुटीबोरीकर, हा प्रश्न माणसाची समज मोजून राहिला का मागच्या वर्षीची हजेरी? खंडवाल्या नऊपैकी पुढे किती गेले ते सांगा न भाऊ.

बुटीबोरीकर

एक. नऊपैकी सात जणांनी उत्तर दिलं. दोघींची उत्तरं चांगली होती, त्यातली एक अंतिम दहात आली.

नीताताई, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. या जागेवर येणाऱ्याला पहिल्याच महिन्याची वीस तारीख सांभाळायची आहे, शिकवायला जुनी सहकारी नसेल. म्हणून हा प्रश्न ठेवला. गौरीताईंनी आत्ता जे लिहिलं, की टू-एवर करत होते, टू-बी पाहिली नाही, तेच उत्तरात आलं असतं तर मी शून्य नक्कीच दिलं नसतं, दोनपैकी एक दिला असता. ज्यानं आपल्याला कुठपर्यंत येतं ते नेमकं सांगितलं, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

खामल्याची_नीता

एक गुण देऊन ती दहात आली असती का?

बुटीबोरीकर

बाकी दोन्ही उत्तरं पूर्ण असती तर पाच झाले असते. सहापैकी पाच किंवा सहा मिळालेले तेरा जण होते. म्हणजे तेरात आली असती, दहात आली असती की नाही ते सांगता येत नाही.

ऑडिटवाला

गुण तुम्ही एकट्यानं दिले का?

बुटीबोरीकर

नाही. स्टोअरचे इनचार्ज आणि मी, वेगवेगळे बसून. तिसरा कुणी नावं आणि पत्ते झाकून फक्त उत्तरं आमच्यापुढे ठेवत होता. आणि आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासला, मग सगळ्यांचा दुसरा. एकाच माणसाची तिन्ही उत्तरं सलग वाचली की पहिल्या चांगल्या उत्तराचा रंग पुढच्यावर चढतो. ज्यांच्या गुणांत आमचा दोघांचा फरक पडला, ती उत्तरं परत एकत्र वाचली. स्टोअरवाल्यांनी एक चूक माझ्या लक्षात आणून दिली: पहिली वीसेक उत्तरं मी जास्त कडक तपासली होती, नंतर हात सैल झाला. ती वीस पुन्हा पाहिली, दोन उमेदवारांचा एकेक गुण वाढला.

दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर इथे द्यावंसं वाटतं. लिहिणाऱ्या कामठी रोडच्या त्याच बाई, `Telly` वाल्या. ‘ट्रान्सपोर्टरला दिलेला १४,२०० चा चेक चार महिने वटला नव्हता. चेक तीन महिनेच चालतो म्हणून एंट्री उलटवली, त्यांना फोन केला तर चेक त्यांच्या ड्रायव्हरच्या पाकिटातच होता, मग एनईएफटी केलं.’ तीन ओळी होत्या. स्टोअरवाले म्हणाले, या बाईंना गुण द्यायची गरजच नाही, बोलवा.

धरमपेठी

तिसऱ्या प्रश्नाला गुण कसे दिले? पगार कमी सांगितला त्याला जास्त?

बुटीबोरीकर

नाही, पगाराला गुण नव्हते. आमच्या मर्यादेच्या बाहेर असेल तर फोन करून आधी सांगितलं, म्हणजे त्यांची खेप वाया जाऊ नये. गुण प्रवासाच्या उत्तराला होते. कोराडीकडून रोज बुटीबोरी म्हणजे शहर पूर्ण ओलांडायचं. ‘येईन’ असं लिहिणाऱ्यापेक्षा ‘खापरीपर्यंत मेट्रो, पुढे कंपनीची बस मिळेल का’ असं विचारणाऱ्यानं विचार केलेला असतो.

सीताबर्डी_कन्सल्टंट

हे मला पटत नाही. बायोडाटा पाठवतानाच कुणी बसचा मार्ग शोधत नाही. चांगल्या माणसाला तीन जागा मिळत असतील तर तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रश्नांना उत्तरच देणार नाही. तीस जणांनी दिलं नाही ना? त्यातच तुमचा सगळ्यात चांगला उमेदवार गेला असेल.

बुटीबोरीकर

शक्य आहे. त्या तीसमधले पाच चिठ्ठीनं काढून फोन केले. दोघांना दुसरीकडे नोकरी लागली होती, एकाचा नंबर बंद, एकानं मेसेज पाहिलाच नव्हता, एक म्हणाला की नोकरीआधी परीक्षा देत नाही. मेसेज न पाहिलेल्याला पुन्हा संधी दिली, त्याचे चार गुण आले. बाकी पंचवीस जणांचं मला माहीत नाही.

खामल्याची_नीता

आणि साहेबांच्या ओळखीचा कुणी नव्हता का यात? आमच्याकडे तर पहिला बायोडाटा तोच येते.

बुटीबोरीकर

होता. मालकांनी पाठवलेला एक होता. त्यालाही तेच तीन प्रश्न गेले आणि त्याचंही नाव झाकलं होतं. तीन गुण आले. मालकांना गुणांचा तक्ता दाखवला, त्याचं उत्तर आणि कामठी रोडच्या बाईंचं उत्तर शेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. तरी मुलाखतीला अकरावा म्हणून त्याला बोलवा असा निरोप कालच आला आहे. मी अजून होकार कळवलेला नाही.

दहा जणांना शनिवारी बोलावलं आहे. परत आत आलेल्या चौदामधले त्यात दोन आहेत. प्रत्येकाला बारा बिलं, बारा आवक पावत्या आणि त्या महिन्याच्या टू-बीचा एक तक्ता देणार आहे. दोन बिलं टू-बीत नाहीत, एकाची आवक कमी आहे, एकावर जीएसटी नंबर चुकीचा आहे. चाळीस मिनिटं आणि एक टॅलीचा संगणक.

गौरी_व

तो बारा बिलांचा संच, नावं बदलून, इथे टाकाल का? मला घरी सोडवून बघायचा आहे.

बुटीबोरीकर

शनिवारी संध्याकाळी टाकतो. त्याआधी टाकला तर येणाऱ्या दहापैकी कुणी हा धागा वाचत असेल.